प्रभाग क्रमांक एक फेब्रुवारी

कुरुंदवाडात कुणाला पुराबद्दल विचारा. २००५ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, २०१९ ला कुठं टेकलं आणि २०२१ ला कुठून मागं फिरलं, हे माणूस भिंतीवर बोट ठेवून सांगतो. भिंतीला नवा रंग दिलेला असला तरी बोट बरोब्बर जागेवर जातं. पण त्याच माणसाला "तुमचा प्रभाग कितवा?" एवढंच विचारा, की तो आत तोंड करून ओरडतो, "अगं, आपला वॉर्ड कितवा गं?" आतून उत्तर येतं, "कुठला सांगू? आत्ताचा का मागचा?"

हा प्रश्न आमच्या भाच्याच्या मित्रमंडळींनी काहीशे घरांत जाऊन विचारला. हेतू चांगला होता. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या बेचक्यात वसलेल्या या गावात कोणत्या भागातल्या किती घरांत पाणी शिरलं, किती दिवस राहिलं, माणसं कुठं हलली, जनावरं कुठं बांधली, हे टिपून घ्यायचं आणि प्रभागवार नकाशा रंगवायचा. जास्त घरं बुडाली तिथं गडद निळा, कमी तिथं फिका. एका हाताशी सर्वेक्षणाचा एक्सेल तक्ता होता, दुसऱ्या हाताशी प्रभागांच्या सीमांची फाईल. दोन्हीत प्रभाग क्रमांकाचा स्तंभ होता.

"मामा, नुसतं जोडायचं हाय. पाच मिंटाचं काम," भाचा म्हणाला.

नकाशांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर 'पाच मिनिटांचं काम' हे शब्द कानावर आले की मी आधी घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगतो.

जोडणं म्हणजे काय ते आधी सांगतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक प्रभाग हा एक बंद आकार असतो आणि त्या आकाराच्या नावे मागे एका तक्त्यात एक ओळ असते. जोडताना सॉफ्टवेअर त्या ओळीतला क्रमांक घेतं, सर्वेक्षणाच्या तक्त्यात तसाच क्रमांक शोधतं आणि सापडला की तिथली माहिती आकाराला चिकटवतं. हा शोध घेणारा प्राणी म्हणजे खिडकीमागचा मुरलेला कारकून. अर्जावर '01' असेल आणि रजिस्टरला '1' असेल, तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. मागे एक मोकळी जागा जास्त पडली असेल, तर तिसरं. फरक इतकाच, की खिडकीतला कारकून निदान "उद्या या" म्हणतो. हा काहीच बोलत नाही. न जुळलेल्या ओळीत NULL लिहितो आणि खिडकी लावून घेतो.

पहिला नकाशा तयार झाला तेव्हा पोरं खूश होती, कारण रंग आले होते. पण हे रंग आले कसे, ते पाहिल्यावर खुशी उतरली. जोडणीच्या साध्या पद्धतीत एका आकाराला एकच ओळ मिळते. एका प्रभागातून चाळीस घरांची उत्तरं आलेली असली, तरी त्यातलं एकच घर निवडलं जातं आणि बाकीचे गप्प बसतात. अख्ख्या प्रभागाच्या वतीनं एकाच घरानं बोलायचं, हे आपल्याकडं नवीन नाही. पण नकाशात ते चालत नाही. आधी प्रत्येक प्रभागाची बेरीज करून एका प्रभागाला एक ओळ करावी लागते, आणि मग जोडावं लागतं. ते केलं. दुसरा नकाशा आला.

त्यात गोठणपूर ज्या प्रभागात येतं, तो भागच नव्हता. नकाशाला भोक पडलं होतं.

नेमके त्याच वेळी शेजारचे तात्या डोकावले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा न्याहाळला. "म्हंजे आमच्याकडं पाणी आलंच न्हाई म्हणा की! मग आम्ही काय शाळेत सहलीला जाऊन ऱ्हायलो व्हतो?"

तात्यांचा गैरसमज अगदी स्वाभाविक होता. पांढरं दिसलं की माणूस शून्य समजतो. पण शून्य म्हणजे विचारलं आणि पाणी नव्हतं असं कळलं. NULL म्हणजे त्या आकाराला काही माहितीच मिळाली नाही. रंगांच्या पायऱ्या लावताना सॉफ्टवेअर शून्याला फिका निळा देतं, पण NULL असलेला आकार मुळी काढतच नाही. त्यामुळे नदीकाठचा, सगळ्यात जास्त भिजलेला भाग नकाशात सगळ्यात कोरडा दिसू शकतो. भोक दिसलं की पाण्याचा विचार नंतर करावा, आधी क्रमांकाचा स्तंभ उघडावा.

मग आम्ही तो स्तंभ उघडला. क्यूजीआयएसमध्ये एखाद्या स्तंभातल्या सगळ्या वेगवेगळ्या नोंदी एकदाच पाहायची सोय आहे. सीमांच्या फाईलमध्ये '01' पासून '10' पर्यंत दहा शहाण्या नोंदी होत्या. सर्वेक्षणात मात्र एकट्या पहिल्या प्रभागाचीच रूपं अशी: '1', '१', ' १', '०१', 'प्र. १', 'वॉर्ड नं १', '१अ', '१ ब', 'एक', आणि एक फेब्रुवारी.

होय, '01-Feb'.

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मी ज्यानं ती नोंद केली त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी तर 1-2 लिहिलं व्हतं. प्रभाग एक, जागा दोन." आता एक्सेलला '1-2' असं काही दिसलं की त्याला सणवार आठवतात. आपल्याकडच्या मांडणीत ती एक फेब्रुवारी होते. अमेरिकी मांडणीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर तेच '1-2' दोन जानेवारी होतं, म्हणजे प्रभाग महिना होतो आणि जागा दिनांक. पोरांपैकी दोघांनी दोन वेगळ्या लॅपटॉपवर नोंदी केल्या होत्या. तेव्हा नुसती तारीख पाहून भागत नाही, ती कुणाच्या यंत्रावर जन्मली तेही विचारावं लागतं. हे टाळायचा उपाय एकच, आणि तो आधीचा आहे: टाइप करायला बसण्यापूर्वी तो स्तंभ 'Text' करून ठेवायचा. तसं केलं म्हणजे पुढचं शून्यही शाबूत राहतं, नाहीतर एक्सेल '01' चं '1' करून ते शून्य खाऊन टाकतं. हे शून्य क्षुल्लक नाही. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि कोल्हापूर जिल्ह्याचा ५३०. पण शहरातले वॉर्ड तिथं चार आकड्यांत, '0001' असे लिहिलेले असतात. शून्यं गेली की वॉर्ड गेला.

'१अ' आणि '१ ब' ही मात्र पोरांची चूक नव्हती, ती निवडणुकीची देणगी. नगरपरिषदेच्या निवडणुकीत प्रभाग दोन सदस्यांचे असतात, म्हणून एका प्रभागात दोन जागा, अ आणि ब. नकाशावर आकार एकच. लोक आपल्या नगरसेवकाच्या जागेनं प्रभाग ओळखतात, आणि त्यात काही गैर नाही. एकूण जागा विषम असल्या की एक जागा उरते आणि एखादा प्रभाग तीन जणांचा होतो; मग 'क' सुद्धा अवतरतो.

हे सगळं हातानं निस्तरायचं म्हटलं तर एका पोराचं लग्नाचं वय निघून गेलं असतं. म्हणून फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एक सूत्र लिहिलं. आधी मराठी आकडे इंग्रजी करायचे, मग त्या मजकुरातला पहिला आकडा उचलायचा, मग डावीकडं शून्य भरून तो दोन अंकी करायचा:

```
lpad(regexp_substr(replace("prabhag",
  map('०','0','१','1','२','2','३','3','४','4',
      '५','5','६','6','७','7','८','8','९','9')),
  '([0-9]+)'), 2, '0')
```

याचं उत्तर मूळ स्तंभात न लिहिता `kod` नावाच्या नव्या स्तंभात घेतलं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, हा माझा एकच कडक नियम आहे. माणसानं काय सांगितलं आणि आपण त्याचं काय केलं, हे शेजारी शेजारी दिसलं पाहिजे.

सूत्रानं बहुतेक नोंदी ताळ्यावर आणल्या. 'एक' आणि 'पाटलांच्या वाड्यामागं' यांच्यापुढं मात्र त्यानं हात टेकले, कारण त्यात आकडाच नव्हता. ते बरं झालं. न जुळलेली नोंद प्रामाणिक असते. आपण जुळत नाही हे ती तोंडावर सांगते. खरी भीती पुढच्या नोंदीची होती: 'गल्ली नं. ४, प्रभाग ७'. सूत्रानं पहिला आकडा उचलला आणि एक कुटुंब मुकाट्यानं चौथ्या प्रभागात राहायला गेलं. तक्रार नाही, NULL नाही, काही नाही. शिवाय एक फेब्रुवारीचंही बघा: तिथून सूत्र '01' उचलणार, जे योगायोगानं बरोबर आहे, पण दुसऱ्या लॅपटॉपवर '3-2' ची '02-Mar' झालेली असेल, तर तिसऱ्या प्रभागाचं घर दुसऱ्यात पडेल. म्हणून तारखा सूत्रात घालायच्याच नाहीत. त्या आधी वेगळ्या काढायच्या.

अशा हट्टी नोंदींसाठी आम्ही जुळणीचा एक छोटा तक्ता केला. पहिल्या स्तंभात मूळ नोंद जशीच्या तशी, दुसऱ्यात ठरवलेला क्रमांक, तिसऱ्यात कारण, चौथ्यात कुणी सांगितलं. एक विचित्र नोंद एकदाच लिहायची. मग ती शंभर ठिकाणी आली असली तरी हरकत नाही. चौथा स्तंभ पोरांना अनावश्यक वाटला होता, पण गाव तिथंच कामाला आलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आले, त्यांनी खुर्ची ओढली आणि 'पाटलांच्या वाड्यामागं' या नोंदीवर विचारलं, "कुठले पाटील? ह्या गावात पाटलांचा वाडा म्हणून पत्र टाकलंसा तर तीन घरं फिरंल." मग फॉर्मवरचं आडनाव बघून त्यांनी गल्ली सांगितली. तक्त्यात चौथ्या स्तंभात आलं: 'पोस्टाचे काका'. एवढा भरवशाचा संदर्भ मी मोठमोठ्या अहवालांतही पाहिलेला नाही.

मधल्या काळात भाच्याला हुशारी सुचली. फॉर्मात 'पुरात कोणत्या गावी गेलात?' असा एक प्रश्न होता, आणि तिथं क्रमांक नव्हताच, नुसती गावाची नावं होती. ती तालुक्यातल्या गावांच्या आकारांशी नावावरून जोडायची होती. नावं चुकीची लिहिलेली, म्हणून त्यानं `levenshtein` हे फंक्शन लावलं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते हे फंक्शन मोजतं. एक अक्षर बदलावं लागलं तर तो हात चुकल्याचा प्रकार मानायचा आणि जोडून टाकायचं, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता. जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपलं गाव Kurundvad आहे, बाकी सगळीकडं Kurundwad. अंतर एक. मराठीत कुणी 'रु' ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ. तिथंही अंतर एक. ती सगळी नावं एकाच गावाची आहेत.

पण हेरवाड आणि तेरवाड यांच्यातलं अंतरही एकच. आणि ती शिरोळ तालुक्यातली दोन स्वतंत्र गावं आहेत. ग्रामपंचायती वेगळ्या आणि अभिमानही वेगळे. भाच्याच्या हिशोबानं तेरवाडचे पाहुणे हेरवाडला जेवले. इंग्रजीत Shirol आणि Shiroli यांच्यातही अंतर तेवढंच, आणि पुलाची शिरोली तर हातकणंगले तालुक्यात. ज्या मुलखात निम्म्या गावांची नावं 'वाड' नाहीतर 'वाडी'वर संपतात, तिथं अक्षरं मोजून गावं ओळखणं म्हणजे मिशांवरून पैलवान ओळखणं. हे फंक्शन संशयित दाखवण्यापुरतं ठीक आहे, निकाल माणसानंच द्यायचा.

अखेर सगळं जुळलं. `Join attributes by field value` या अवजारानं सांगितलं, की न जुळलेलं काही उरलं नाही. त्यात न जुळलेल्या ओळींची वेगळी यादी द्यायची सोय असते. तीही रिकामी आली. तक्त्यातली एकूण घरं आणि नकाशावरच्या प्रभागांची बेरीज एक आली. पोरांनी मिसळ मागवली.

मला मात्र त्या आतल्या आवाजाचं वाक्य सोडत नव्हतं. आत्ताचा का मागचा?

नगरपरिषदेचे प्रभाग काही नदीसारखे जागेवर राहत नाहीत. (नदीही राहत नाही, पण ती निदान परत जाते.) निवडणुकीआधी प्रभागरचना होते. जनगणनेचे प्रगणक गट शक्यतो न फोडता, लोकसंख्या सारखी राहील असे प्रभाग पाडतात, प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचना येतात, मग अंतिम रचना ठरते. क्रमांक देण्याची सुरुवात उत्तरेकडून होते आणि शेवट दक्षिणेकडं. २०१६ च्या निवडणुकीनंतर २०२२ मध्ये कायदा बदलला आणि क वर्ग नगरपरिषदांत किमान सदस्य १७ चे २० झाले. दोन-दोनचे प्रभाग धरले तर आठाचे दहा होतात. म्हणजे २०२५ च्या रचनेत त्याच गावात रेषा नव्यानं ओढल्या गेल्या आणि क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. १ ते ८ हे आकडे दोन्ही रचनांत आहेत. त्यामुळे कुणी जुना क्रमांक सांगितला तरी तो नव्या नकाशात थाटात जुळतो. जुळतो, आणि खोटं बोलतो.

हे पकडायला एकच मार्ग होता. फॉर्म भरताना मोबाइलनं प्रत्येक घराचं ठिकाण टिपलं होतं. ते बिंदू नकाशावर टाकले, कोणता बिंदू कोणत्या आकारात पडतो हे `Join attributes by location` नं काढलं, आणि माणसानं सांगितलेला प्रभाग आडवा, बिंदू पडलेला प्रभाग उभा, असा तक्ता मांडला. सगळं ठीक असतं तर आकडे कर्णावर पडले असते. उत्तरेकडच्या पहिल्या दोन प्रभागांत बहुतेक तसंच होतं. दक्षिणेकडं सरकू लागलो तशी घरं कर्णाच्या शेजारच्या खान्यांत घसरत गेली. एका गल्लीतली म्हातारी माणसं ओळीनं पाच सांगत होती आणि बिंदू सहात पडत होते. त्याच गल्लीतली पोरं सहा सांगत होती. घरातच दोन रचना नांदत होत्या. 'गल्ली नं. ४'वालं कुटुंबही याच तक्त्यात सापडलं, चौथ्याच्या ओळीत सातव्याखाली एकटंच उभं.

बिंदूंवरही डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही. मोबाइलचं ठिकाण काही मीटर इकडं तिकडं असतं, म्हणून रस्त्याच्या मध्यावरून सीमा जात असेल तिथं समोरासमोरच्या घरांचा निकाल बिंदूवर सोडता येत नाही. काही बिंदू एका शाळेत गोळा झाले होते, कारण ते फॉर्म निवाऱ्यातच भरले होते. तिथं माणसाचा शब्द खरा धरला. वीसेक बिंदू एका चहाच्या गाड्यावर एकवटले होते. त्या प्रभागात इतकी कुटुंबं एका बाकड्यावर राहत नसावीत, अशी मी शंका काढली, तेव्हा संबंधित कार्यकर्त्यानं पायाकडं पाहिलं. आणि काही बिंदू तर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडले होते. कुरुंदवाड साधारण १६.७ उत्तर अक्षांश आणि ७४.६ पूर्व रेखांशावर आहे. दोन्हींची अदलाबदल झाली की गाव थेट आर्क्टिकला पोचतं. तात्या म्हणाले, "तितंबी पाणीच हाय म्हणा."

तात्यांना पटवर्धनांच्या संस्थानाचा मोठा अभिमान. ते म्हणाले, की संस्थानच्या काळी असली भानगड नव्हती. मी गप्प बसलो. कुरुंदवाडची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, आणि मुलूख सलग नसून इतरांच्या हद्दींत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला. त्याची सीमांची फाईल करायची पाळी माझ्यावर आली असती, तर १९४८ च्या विलीनीकरणाची मी आतुरतेनं वाट पाहिली असती.

शेवटी पोरांनी दोन स्तंभ केले, `prabhag_2016` आणि `prabhag_2025`. बिंदूवरून नवा प्रभाग ठरवला, जिथं बिंदू बोलेना तिथं जुळणीचा तक्ता आणि पोस्टाचे काका. कशातच न बसलेली काही घरं उरली. ती कुठंही कोंबली नाहीत. नकाशाखाली एका ओळीत त्यांची संख्या लिहिली. आता नकाशात गोठणपूर गडद निळं आहे आणि तात्यांनी तो मोबाइलवर घेऊन चार ठिकाणी पाठवलाही आहे.

माझी विनंती दोघांना आहे. प्रभागरचना जाहीर करणाऱ्यांनी नकाशाच्या पीडीएफबरोबर सीमांची फाईलही द्यावी आणि क्रमांकाच्या स्तंभाला साल जोडावं. आणि वाचकहो, तुमच्या दारी सर्वेक्षणाला कुणी आलं, तर प्रभाग सांगताना तो कोणत्या निवडणुकीतला तेही सांगा, आणि पोरगं काय लिहितंय ते जरा वाकून बघा.